उडी मारण्याआधी ठमी का थांबते?

पत्र

आमची ठमी साडेतेरा वर्षांची आहे. गेले दोन महिने ती शू ट्रेमध्ये करते, पण शी मात्र ट्रेच्या बाहेर, अगदी काठाला लागून. ट्रे रोज साफ होतो, आतल्या वाळूचा म्हणजे लिटरचा प्रकारही बदललेला नाही. घरात सगळ्यांचं मत, म्हातारपणी हट्टी झाली. पूर्वी दिवसभर खिडकीत बसायची, आता सोफ्याखाली पडून असते. कमरेवर फरचे गोळे झालेत आणि विंचरायला गेलं की गुरगुरते. परवा तर मला पंजाच मारला. पण ती लंगडत नाही, खाणं व्यवस्थित आहे आणि डॉक्टरांना तपासणीच्या टेबलावर काही सापडलं नाही. वय झालं म्हणून सोडून द्यायचं, की ट्रेची सवय नव्याने लावायची?

उत्तर

सोडून देऊ नका, आणि सवयही लावायला जाऊ नका. तुमचं पत्र वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आधी आले ते ठमीचे खुबे आणि कंबर. पत्रावरून निदान होत नसतं, पण तुम्ही जे वेगवेगळे त्रास म्हणून लिहिले आहेत ते मला एकाच ठिकाणाहून निघालेले दिसतात: सांध्यांची झीज, म्हणजे ज्याला आपण सरसकट संधिवात म्हणतो ती.

‘लंगडत नाही’ या एका गोष्टीवर मांजरांचे मालक फार विसंबतात. कुत्र्याचा एक गुडघा दुखला की तो पाय उचलून धरतो आणि आपल्याला लगेच कळतं. मांजरांत झीज बहुतेकदा दोन्ही बाजूंना होते. दोन्ही खुबे, दोन्ही कोपरं, शिवाय कमरेचे मणके. दोन्ही पाय सारखेच दुखत असतील तर लंगडायचं कुठल्या पायाने? मांजर मग चाल बदलत नाही, दिनक्रम बदलते. ज्या हालचालीला दुखतं ती हालचाल हळूहळू वगळून टाकते. हे महिनोन्‌महिने इतकं सावकाश चालतं की घरातल्यांना ‘शांत झाली’ असंच वाटत राहतं. बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले गेले होते, तेव्हा त्यातल्या ९० मांजरांमध्ये कुठे ना कुठे झीज दिसली. त्या सगळ्यांना दुखत होतं असं नाही. पण ठमीच्या वयाला ही शक्यता दुर्मीळ म्हणून बाजूला ठेवता येत नाही.

आता ट्रेकडे वळू. शू आत आणि शी बाहेर, यामुळेच तर मला खुब्यांची शंका आली. शू करताना मांजर एकदा बसते आणि थोड्या वेळात मोकळी होते. शी करायला तिला जास्त वेळ लागतो. पाठीची कमान करून, खुबे पुरते दुमडून, जोर लावत बसावं लागतं. मध्येच दोन पावलं सरकून पुन्हा बसावं लागतं, आणि हे सगळं पायाखाली सरकणाऱ्या वाळूत. दुखणारी मांजर काठापर्यंत येते, आत चढायचं टाळते किंवा अर्ध्यावर बाहेर पडते. काठाला लागूनच शी होते याचा अर्थ तिला जागा नीट आठवते आहे. रुसलेली मांजर एवढी काळजी घेत नाही (आणि खरं सांगायचं तर मांजरं रुसून शी करतात यावर माझा विश्वासच नाही). शी कोरडी, कडक खड्यांसारखी असते का तेही पाहा. बसायला दुखतं म्हणून मांजर रोखून धरते, रोखल्याने शी कडक होते आणि कडक शीला जोर आणखी लावावा लागतो.

फरच्या गोळ्यांचंही असंच. कंबर आणि शेपटीचा बुडखा चाटायला मांजराला पाठ पिळून मागे वळावं लागतं. तिथेच गोळे झालेत आणि छाती, पुढचे पाय मात्र चकचकीत आहेत, असं असेल तर ती आळशी झालेली नाही, तिची जीभ तिथवर पोचत नाही. आणि जिथे दुखतं नेमक्या त्याच जागी आपण कंगवा ओढतो. पंजा बसणारच.

तपासणीच्या टेबलावर काही सापडलं नाही याबद्दल तुमच्या डॉक्टरांना दोष देऊ नका. परक्या जागी मांजर अंग आखडून घेते, मग आखडलेला सांधा कुठला आणि घाबरलेला कुठला हे हाताला कळत नाही. तिथे ती उडी मारून दाखवणार नाही, जिना चढणार नाही. हे फक्त तुम्हीच पाहू शकता, आणि त्यासाठी फोनचा कॅमेरा पुरेसा आहे.

मला ठमीच्या पाच-सहा छोट्या चित्रफिती हव्या आहेत: खिडकीत किंवा सोफ्यावर चढताना, उतरताना, जिना असेल तर वर जाताना आणि खाली येताना, दोरीमागे धावताना, ट्रेमध्ये शिरताना आणि बाहेर पडताना. कॅमेरा जमिनीलगत, बाजूने धरा. तिला उचलून वर ठेवू नका, तिचं तिला करू द्या. तिने नकार दिला तर तो नकारही टिपून ठेवा.

चढताना काय बघायचं ते सांगते. निरोगी मांजर वर बघते, दबते आणि उडते. चारही पाय जवळजवळ एकदमच वर पोचतात. दुखणारी मांजर वर बघते, थांबते, मागचे पाय जागच्या जागी हलवून पाहते, पुन्हा वर बघते. कधी तोंड फिरवून निघून जाते. उडी मारलीच तर ती थोडी तोकडी पडते. पुढचे पंजे काठावर रुततात आणि मागचा भाग ती हातांनी ओढून घेतल्यासारखा वर घेते. सोफ्याच्या कापडावर एकाच जागी नव्या ओरखड्यांचा पट्टा दिसला तर तो याचाच असतो.

उतरणं लोक बघतच नाहीत, आणि मला ते जास्त बोलकं वाटतं. उतरताना सगळा भार पुढच्या पायांवर, म्हणजे कोपरांवर येतो. कोपरं दुखणारी मांजर काठावरून पुढचे पाय सोफ्याच्या अंगावर घसरवत घसरवत शक्य तितकी खाली येते आणि मगच सुटते. उडीचं अंतर ती असं चोरते. जमिनीवर टेकल्याचा आवाज ऐका. पूर्वी ती आल्याचं कळायचं नाही, आता थप्प असा आवाज येतो. जिन्यावर मागचे दोन्ही पाय सशासारखे एकत्र टाकत चढणं हीसुद्धा खुब्यांची खूण.

या चित्रफिती घेऊन डॉक्टरांकडे पुन्हा जा. ते सांधे चाचपतील, कदाचित एक्स-रे काढतील. एक्स-रेचं मात्र एक लक्षात ठेवा: त्यात झीज भरपूर दिसूनही मांजर मजेत असू शकते, आणि फारसं काही न दिसताही दुखू शकतं. म्हणून पुष्कळदा काही आठवडे वेदनाशामक देऊन बघतात. मांजर पुन्हा खिडकीत जाऊन बसली तर दुखत होतं हे तिनेच सांगितलं. पण औषधाआधी रक्त, लघवी आणि रक्तदाबाची तपासणी आग्रहाने करून घ्या. या वयात मूत्रपिंडांचा आजार आणि सांध्यांची झीज अनेकदा हातात हात घालून असतात. मेलॉक्सिकॅमसारखी औषधं मूत्रपिंडं बघूनच, मांजराच्या मोजमापाने आणि कमीत कमी मात्रेत द्यायची असतात. ते चालू असताना खाणं सुटलं किंवा उलट्या सुरू झाल्या तर पुढचा डोस न देता फोन करायचा. महिन्यातून एकदा कातडीखाली द्यायचं फ्रुनेव्हेटमॅब हे इंजेक्शनही काही देशांत मिळतं. कोणतं औषध हे ठमीचे अहवाल ठरवतील, मी इथून ठरवणार नाही.

घरातली वेदनाशामक गोळी मात्र कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल मोडून बाहेर टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात अपुरी असते. माणसाची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकही तितकीच वर्ज्य.

आणखी दोन गोष्टी संधिवातासारख्या दिसतात पण असतात वेगळ्या. मांजर मागच्या पायांचे घोटे जमिनीला टेकवून, सपाट चालायला लागली तर मधुमेह तपासा. आणि मागचे पाय एकाएकी लुळे पडले, गार लागले, मांजर किंचाळत असली तर ते रक्ताच्या गुठळीचं लक्षण असू शकतं, तेव्हा सकाळची वाट बघू नका. झीज एका रात्रीत येत नाही.

औषधाचं ठरेपर्यंत घर बदलायला कोणाची परवानगी लागत नाही. आजच ट्रेपासून सुरुवात करा.

नेहमीच्या ट्रेचा काठ १२ ते १५ सेंटिमीटर असतो. झाकणाचा असेल तर त्याहून उंच, आणि आत वाकूनही राहावं लागतं. ठमीला आत जायचा उंबरा ५ सेंटिमीटरच्या आसपास हवा. विकतचा शोधत बसू नका. सामान ठेवायचा प्लास्टिकचा मोठा डबा घ्या आणि त्याच्या एका बाजूला, मांजराच्या खांद्यांपेक्षा ऐसपैस रुंदीची खाच कापा. कापलेली कड धारदार राहते, तिच्यावर जाड चिकटपट्टी दुमडून लावा. बाकीच्या तीन बाजू उंचच ठेवा. खुबे दुखणारी मांजर पुरती बसत नाही, अर्धवट उभ्यानेच शू करते आणि ती मागच्या भिंतीवरून बाहेर जाते. चारही बाजू बुटक्या केल्या तर आठवड्याभरात तुम्ही मला दुसरं पत्र लिहाल. डब्याची लांबी ठमीच्या नाकापासून शेपटीच्या बुडख्यापर्यंतच्या अंतराच्या दीडपट तरी हवी. समजा ते अंतर ४५ सेंटिमीटर भरलं, तर डबा ६७-६८ सेंटिमीटरचा. आत तिला न अडखळता वळता आलं पाहिजे.

लिटर बारीक दाण्याचं घ्या आणि ३ ते ५ सेंटिमीटरच पसरा. प्रेमापोटी लोक खोल थर टाकतात, पण त्यात पाय रुततो आणि प्रत्येक पावलाला सांधा वळतो. जुना ट्रे लगेच उचलू नका. नवा त्याच्या शेजारी ठेवा, जुन्यातलं थोडंसं वापरलेलं लिटर त्यात मिसळा आणि ती कुठे जाते ते बघा. घर दुमजली असेल तर दोन्ही मजल्यांवर ट्रे हवेत. झोपायची जागा आणि ट्रे यांत जिना असेल तर तो जिनाच ट्रेबाहेर शी होण्याचं कारण ठरतो.

आता खिडकी. तिला उचलून तिथे ठेवणं हा उपाय नाही. चढण वाचते, पण उतरण, म्हणजे कोपरांचा मार, तसाच राहतो. खिडकीचा कट्टा मोजा. समजा तो ८४ सेंटिमीटर भरला आणि तुमच्याकडे ४२ सेंटिमीटरची खुर्ची आहे. नुसती खुर्ची ठेवली तर एका मोठ्या उडीच्या दोन मध्यम उड्या होतात, ठमीला त्याही जड. पुढे २१ सेंटिमीटरचं पाऊल-स्टूल आणि खुर्ची आणि कट्टा यांच्या मध्ये ६३ सेंटिमीटर उंचीचा एखादा भक्कम खोका आला की २१-२१ च्या चार पायऱ्या होतात. याहून बुटक्या, १५ सेंटिमीटरच्या जमल्या तर उत्तमच. प्रत्येक पायरीवर चारही पाय टेकवून उभं राहता येईल एवढी खोली हवी, ३० सेंटिमीटरच्या खाली नको. वर न सरकणारं कापड घट्ट ताणून बसवा, आणि हाताने जोर देऊन हलवून पाहा. पायरी एकदा जरी डुगडुगली तरी मांजर तिच्यावर पुन्हा विश्वास ठेवत नाही. खिडकीखाली जिथे ती उडी टाकून उतरायची तिथे जाड चटई घाला. पायऱ्या असूनही जुन्या वाटेने उतरायचा मोह तिला होणार.

पहिले काही दिवस फक्त खालची पायरी ठेवा आणि तिच्यावर तिच्या वासाची चादर. तिथे आपणहून बसली की पुढची वाढवा. सगळा डोलारा एकदम उभा केला की ती सोफ्याखाली आणखी आत जाते.

फरशी गुळगुळीत असेल तर अंथरूण, पाणी, खाणं आणि ट्रे यांना जोडणारी पट्ट्यांची वाट तयार करा. घसरू नये म्हणून पाय ताणून धरावा लागतो आणि त्या ताणात सांधे दुखतात. वाटीखाली बुटका पाट ठेवला की मान आणि कोपरं कमी वाकवावी लागतात. अंथरूण सोफ्याखालीच द्या, तिची निवड आहे ती. गुबगुबीत आणि बिनकाठाचं असलं की झालं. थंडीत ऊब हवी, पण तापवायची विजेची गादी थेट अंगाखाली नको. पटकन उठता न येणारं मांजर त्यावर भाजतं.

फरचे गोळे कात्रीने कापू नका. मांजराची कातडी पातळ असते आणि गोळ्याबरोबर वर ओढली जाते. दुखणं आटोक्यात आल्यावर डॉक्टरांकडे मशीनने काढून घ्या, नंतर रोज दोनच मिनिटं, मऊ ब्रशने.

नखं आजच बघा. कमी चालणाऱ्या, न ओरबाडणाऱ्या मांजराची नखं जाड होऊन वळतात. हे सांगताना मला थोडी लाज वाटते. मी दिवसभर इतरांची मांजरं तपासते, आणि माझ्याच घरच्या पंधरा वर्षांच्या बोक्याचं अंगठ्याचं नख गोल वळून पंजाच्या गादीत रुतलंय हे मला चादरीवर रक्ताचा ठिपका दिसला तेव्हा कळलं. तो लंगडत नव्हता. नुसता सतरंजीवर चालताना नखं अडकून टक टक आवाज यायचा आणि मी तो रोज ऐकत होते. त्यानंतर घरात दर दोन आठवड्यांनी नखं बघायचा दिवस ठरला. उंच खांब ओरबाडायला खुबे ताणावे लागतात, म्हणून ठमीसाठी जमिनीवर आडवा ठेवता येईल असा ओरबाडा घ्या.

वजन तुम्ही लिहिलेलं नाही. ती जाड असेल तर डॉक्टरांशी बोलून आठवड्याला वजनाच्या सुमारे एक टक्का, एवढ्याच वेगाने उतरवा. सहा किलोच्या मांजरासाठी हे ६० ग्रॅम होतात. खाणं एकदम तोडू नका, उपाशी राहिलेल्या जाड मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि तो आजार संधिवातापेक्षा कितीतरी जीवघेणा. उलट खात असूनही ती वाळत असेल तर थायरॉइड तपासून घ्या.

आज घेतलेल्या चित्रफिती पुसू नका. तीन आठवड्यांनी त्याच जागी, त्याच कोनातून पुन्हा घ्या आणि दोन्ही शेजारी लावून बघा, कारण रोज बघणाऱ्या डोळ्यांना हळूहळू झालेली सुधारणा दिसत नाही, जसं बिघडणं दिसलं नव्हतं. उडीआधी ती किती सेकंद थांबते ते मोजा. ट्रेबाहेर शी कितीदा झाली ते कॅलेंडरवर टिपा. औषध आणि घरातले बदल एकाच दिवशी सुरू करू नका. आधी घर, दोन आठवडे, मग औषध. नाहीतर कशाने फरक पडला हे कळणार नाही आणि डॉक्टरांना डोस कमी करायचा की वाढवायचा हे ठरवता येणार नाही.

आणि पुढच्या वेळी कळवताना एक नक्की लिहा: कमरेवर हात ठेवल्यावर ती अजून गुरगुरते का.